अनुमानाच्या प्रश्नाला घरच्या अनुभवाचं उत्तर. वहीत शेरा काय लिहू?

शेवंती

सातवीला मराठी शिकवते. एका मुलाच्या वहीपाशी अडले आहे, म्हणून हा धागा.

पोरगा हुशार आहे, वाचतो सफाईने, बोलतो तर विचारूच नका. पण उताऱ्याखालच्या 'का असावे', 'कशावरून वाटते' अशा प्रश्नांना तो उतारा बाजूला ठेवून घरचं काहीतरी लिहितो. गेल्या महिन्यात मी स्वतःच एक छोटा उतारा लिहून दिला होता, तो इथे देते.

"सकाळीच आजीने तांब्या भरून ओट्यावर ठेवला आणि त्यावर फुलपात्र पालथे घातले. नंतर ती तीनदा फाटकापर्यंत जाऊन आली. चुलीवरचे दूध उतू गेले, तेही तिला कळले नाही. देवळीतले पत्र काढून तिने उलटसुलट करून पाहिले आणि परत जागेवर ठेवले. दुपारच्या एसटीचा हॉर्न ऐकू आला तशी ती पदर सावरून उभी राहिली. गाडी फाट्यावर न थांबता पुढे गेली. आजी थोडा वेळ तशीच उभी होती. मग तिने तांब्यातले पाणी तुळशीत ओतले आणि दार लोटून घेतले."

प्रश्न होता: आजीने तांब्यातले पाणी तुळशीत का ओतले असावे? (२ गुण)

त्याचं उत्तर जसंच्या तसं: "तुळशीला रोज पाणी घालतात. माझी आजीपण घालते. पाणी नाही घातले तर तुळस सुकते आणि ते चांगले नसते."

मी अर्धा गुण देऊन शेरा मारला: "उतारा नीट वाच. उताऱ्याच्या आधारे उत्तर लिही." पुढच्या आठवड्यात दुसरा उतारा दिला. त्यात दिनू डबा न उघडताच परत दप्तरात ठेवतो, आणि का ते विचारलं होतं. या पठ्ठ्याने प्रश्नाच्या आधीची तीन वाक्यं जशीच्या तशी उतरवून काढली. खाली ओळ मारून ठेवली, जणू काम फत्ते.

म्हणजे माझा शेरा त्याने तंतोतंत पाळला! आता सांगा, काय लिहायला हवं होतं?

---

बोरूबहाद्दर

सोपं आहे. वहीत ठणकावून लिहा, "स्वतःचा अनुभव लिहायचा नाही." आणि उताऱ्यात ज्या ओळीत उत्तर आहे तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावा. आम्ही असंच शिकलो. रेघ नाही तर गुण नाही.

---

शेवंती

पण रेघ मारणार कुठे? "पाहुणा आला नाही म्हणून ठेवलेलं पाणी ओतून टाकलं" असं वाक्य उताऱ्यात कुठेच नाही. पाहुणा हा शब्दसुद्धा नाही. तोच तर प्रश्न आहे.

---

आंबेमोहर

माझ्या लेकीचं नेमकं उलटं झालं. दहावीच्या सराव परीक्षेत तिने स्वतःचा अनुभव लिहिला नाही म्हणून गुण कापले. शेरा होता, "स्वतःचे विचार मांडा". घरी येऊन रडली. तुम्ही शिक्षक मंडळी आधी ठरवा, अनुभव हवा की नको? एक बाई म्हणतात लिही, दुसऱ्या म्हणतात लिहू नको. मुलांनी करायचं काय?

---

खडूफळा

आंबेमोहर, तुमच्या मुलीला आला असेल तो स्वमताचा प्रश्न. इथला प्रश्न वेगळा आहे. तरी तुम्ही रागाच्या भरात वर्मावर बोट ठेवलंत, त्याकडे मी येतो.

शेवंती, शेरा लिहिण्याआधी एक गोष्ट करून पाहा. त्या मुलाला वही न दाखवता तोंडी विचारा, "त्या उताऱ्यात काय झालं, सांग बघू." एवढंच. प्रश्न नको, पुस्तक नको. तो काय सांगतो ते इथे लिहा.

हे अशासाठी सांगतो, की वहीत एकसारखं दिसणारं उत्तर तीन वेगवेगळ्या वाटांनी येतं. एक, उतारा कळलाच नाही. देवळी, फाटा, ओटा हे शब्दच अडले आणि मुलाने ओळखीची तुळस तेवढी धरली. दोन, उतारा वाचलाच नाही. प्रश्न आधी वाचला, त्यातला एक शब्द उचलला आणि त्या शब्दावर निबंध लिहिला. तीन, उतारा कळला, पण प्रश्न काय मागतोय ते कळलं नाही. तिन्हींना "उतारा नीट वाच" हा शेरा आपण सर्रास देतो. पहिल्या मुलाला तो निरुपयोगी आहे, दुसऱ्याला चालेल, आणि तिसऱ्यावर तो चक्क अन्याय आहे.

घरबसल्या करायची एक चाचणीही आहे. उतारा झाका आणि नुसता प्रश्न वाचून स्वतः उत्तर द्या. उतारा न वाचताही तेच उत्तर लिहिता येत असेल, तर ते उताऱ्यातून आलेलं नाही. "तुळशीला रोज पाणी घालतात" हे उतारा झाकूनही लिहिता येतं.

---

बोरूबहाद्दर

म्हणजे मी तेच म्हणत होतो ना. अनुभव बंद!

---

खडूफळा

अहो, अनुभव बंद केला तर तुम्हालाही उत्तर देता येणार नाही. भरलेला तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र, हे पाहुण्यासाठी असतं हे तुम्हाला कुठून कळलं? उताऱ्यातून नाही. घरी पाहिलंय म्हणून कळलं. अनुमानात बाहेरचं ज्ञान लागतंच. ते उताऱ्यातल्या कुठल्यातरी शब्दाला बांधलेलं असावं, एवढीच अट.

---

परदेशी पाखरू

इथे बोलावंसं वाटलं कारण कालच शेवंतीताईंचा उतारा मी आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत वापरला (न विचारता, क्षमस्व). मी न्यू जर्सीत असते. मुलं दहा ते बारा वर्षांची.

आमच्याकडे उलटाच घोळ. ओट्यावर तांब्या भरून ठेवतात हे त्यांच्या गावीही नाही. उत्तरं अशी आली: "पाणी सकाळपासून उघड्यावर होतं, खराब झालं म्हणून." "दुष्काळ असेल, पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडाला." एकीने तर लिहिलं की आजी चिडली आणि तिने पाणी फेकलं. बांधायला त्यांच्याकडे अनुभवच नाही, मग ती हाताशी असेल ते बांधतात. मलाही नेहमीच प्रश्न पडतो की याला चूक म्हणायचं का.

---

खडूफळा

"खराब झालं" याला उतारा आडवा येतो. फुलपात्र पालथं घातलंय म्हणजे पाणी झाकलेलं आहे. तेवढं दाखवलंत की मूल स्वतःच खोडेल. "चिडली" याला "थोडा वेळ तशीच उभी होती" आणि "दार लोटून घेतले" ही वाक्यं आडवी येतात. चिडलेलं माणूस दार आपटतं.

"वाया जाऊ नये" हे मात्र चूक म्हणू नका. ते अर्धं बरोबर आहे. पाणी मोरीत न ओतता तुळशीत का, याचं ते उत्तर आहे. मुळात ओतलंच का, याचं नाही.

---

गावठाण

वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. शेवंतीबाई, राग मानू नका, पण तुमचा प्रश्नच गंडलाय. मोठ्याने वाचून बघा: "पाणी तुळशीत का ओतले". 'का' कुणाला चिकटलाय? तुळशीला. कुठलंही पोर याचा अर्थ "तुळशीतच का" असा घेणार. आणि त्याचं उत्तर त्या पोराने दिलंय की. तुळशीला पाणी घालतात म्हणून. त्याला दोन गुण द्या आणि बाईंना शेरा मारा.

---

शेवंती

😀 शेरा पोचला. खरंच, लिहिताना माझ्या मनात जोर 'ओतले'वर होता. "गाडी निघून गेल्यावर आजीने तांब्या रिकामा का केला असावा?" असं विचारलं असतं तर वाट एवढी फुटली नसती. हे मान्य.

पण गावठाण, फक्त प्रश्नाचा दोष असता तर पूर्ण वर्ग तिकडे गेला असता. ४३ पैकी तुळशीच्या पुण्याकडे गेले ते जेमतेम आठ-नऊ. आणि हा मुलगा प्रत्येक उताऱ्यात हेच करतो, प्रश्न कसाही लिहा.

खडूफळा सर, आज मधल्या सुट्टीत त्याला विचारलं. ऐका, काय म्हणाला: "ती आजी कुणाची तरी वाट बघत होती बाई. एसटीने येणार होतं कोणीतरी. आलंच नाही. मग तिने दार लावून घेतलं." हे सगळं एका दमात. वर "मला वाईट वाटलं" हेही.

मी थक्क. म्हटलं, "मग वहीत हे का नाही लिहिलंस?" तर म्हणतो, "ते तर दिलेलंच आहे ना. तुम्ही विचारलं का असावे. असावे म्हणजे आपल्याला काय वाटतं ते."

---

खडूफळा

झालं. तिसरी वाट. त्याला उतारा तुमच्या-माझ्याइतका कळलाय. त्याचा गोंधळ 'असावे'पाशी आहे.

आता आंबेमोहरांचा मुद्दा. आपल्याकडे एकाच कृतिपत्रिकेत आकलनाच्या कृती आणि स्वमत शेजारी शेजारी येतात. स्वमतात 'तुमच्या मते', 'तुम्हांला काय वाटते' असं विचारतात आणि तिथे मुलाने स्वतःचं आणलं की आपण खूश होतो, वर 'छान' लिहितो. मुलाने त्यावरून नियम बनवला की उत्तर जसंच्या तसं सापडलं नाही तर प्रश्न स्वमताचा. 'असावे', 'वाटते' ही क्रियापदं दिसली की तो घरी जातो. त्याच्या परीने नियम बिनतोड आहे! मधली एक जात आहे हेच त्याला कोणी सांगितलेलं नाही, जिथे लेखक अर्धं देतो आणि अर्धं वाचणाऱ्याने घालायचं असतं.

अमेरिकेत टॅफी राफाएल यांनी १९८० च्या दशकात प्रश्नांची अशीच वाटणी वर्गात वापरायला दिली. त्यातल्या दोन जाती इथे कामाच्या: 'लेखक आणि मी' आणि 'माझं मी'. तुमचा मुलगा पहिलीला दुसरी समजतोय. नावं तुम्ही तुमची ठेवा. मी वर्गात 'दोघांचं उत्तर' आणि 'माझं उत्तर' म्हणायचो. पहिल्यात उतारा झाकला तर उत्तर देता येत नाही, दुसऱ्यात येतं.

---

शेवंती

मग मी असा शेरा लिहिते, बघा बरं:

"प्रिय —, तुझे उत्तर वाचले. तुझी आजी तुळशीला पाणी घालते हे वाचून छान वाटले. पण हा प्रश्न स्वमताचा नाही, अनुमानाचा आहे. अनुमानाच्या प्रश्नात आपण उताऱ्यातील संकेत शोधून त्यांना आपल्या पूर्वज्ञानाची जोड द्यायची असते. तू उताऱ्यातील संकेतांकडे दुर्लक्ष केलेस. आजी तीनदा फाटकापर्यंत का गेली, दूध उतू का गेले, पत्र का पाहिले, एसटी का महत्त्वाची आहे याचा विचार कर. म्हणजे तुला कळेल की आजी पाहुण्याची वाट पाहत होती व तो न आल्याने तिने पाणी ओतले. पुढच्या वेळी असे उत्तर लिहिण्याचा प्रयत्न कर."

---

चष्मेबद्दूर

ताई, हे लिहायला तुम्हाला चार मिनिटं लागली असतील. गुणिले ४३ करा. माझ्या वर्गात ५६ आहेत आणि दोन तुकड्या. मी आठवड्याला फक्त सहा वह्यांना असा शेरा लिहिते, बाकीच्यांना नुसती खूण. पाळीपाळीने सगळे येतात. सगळ्यांना रोज लिहायला गेलं की शेवटच्या वीस वह्यांत 'बरे', 'ठीक', 'प्रयत्न कर' एवढंच उरतं, आणि ते नसलं तरी चालतं.

---

खडूफळा

चष्मेबद्दूर यांचा हिशोब चोख आहे.

शेवंती, या शेऱ्याने काय होईल सांगतो. पोरगा शेवटची दोन वाक्यं वाचेल, कारण त्यांत उत्तर आहे. ते खाली उतरवेल. तुम्ही बरोबरची खूण कराल. आणि पुढच्या उताऱ्यात तो परत तुळशीपाशी. तुम्ही त्याचं काम करून दिलंत, त्याला करायला काही ठेवलंच नाही. 'संकेत', 'पूर्वज्ञान' हे तुमच्या प्रशिक्षणातले शब्द आहेत, त्याचे नाहीत. 'दुर्लक्ष केलेस' तर खोटंच आहे. त्याने दुर्लक्ष केलेलं नाही, तोंडी सगळं सांगितलं त्याने.

चार 'का' एकदम विचारू नका. एकच विचारा. आणि तो प्रश्न त्याच्याच उत्तरातून निघालेला असावा.

त्याच्या उत्तरात एक सोन्यासारखी गोष्ट आहे आणि आपण सगळे ती चूक म्हणून बाजूला टाकतोय. "माझी आजीपण घालते." कधी घालते?

---

परदेशी पाखरू

अरे वा. सकाळी!

---

खडूफळा

सकाळी, अंघोळ झाल्यावर. आणि उताऱ्यातली आजी कधी ओततेय? दुपारची एसटी गेल्यावर. तुळशीसाठी भरून ठेवलेलं पाणी असतं तर सकाळीच घातलं असतं. म्हणजे ते पाणी तुळशीसाठी नव्हतंच. कुणासाठी होतं? हे त्या मुलाला त्याच्या घरच्या आजीमुळेच कळणार आहे. न्यू जर्सीतल्या मुलांना ही किल्ली नाही, याच्या खिशात ती आहे आणि आपण त्याला सांगतोय की खिशात हात घालू नकोस.

मी असता तर एवढंच लिहिलं असतं:

"तुझी आजी तुळशीला पाणी कधी घालते? उताऱ्यातल्या आजीने कधी ओतले? ती वेळ सांगणारे शब्द उताऱ्यातून इथे लिही. मग तुझे उत्तर पुन्हा वाच आणि बदलावेसे वाटले तर खाली बदल."

खाली चार ओळी कोऱ्या सोडायच्या आणि तासाला पाच मिनिटं वही परत द्यायची. या कोऱ्या ओळी शेऱ्याइतक्याच महत्त्वाच्या. उत्तर लिहायला जागा आणि वेळ नसेल तर शेरा वाचून पान उलटलं जातं. आणि आत्ता गुण लिहू नका.

---

बोरूबहाद्दर

गुण लिहू नका? मग पालक काय म्हणतील? आणि मुलांना गुण नसले तर ती शेरा तरी का वाचतील?

---

खडूफळा

उलट होतं. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास आहे, इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही, त्यांचं नुसत्या गुणवाल्यांसारखंच झालं. तुमच्याच वर्गात बघा. वह्या वाटल्या की मुलं पहिलं काय विचारतात एकमेकांना? "तुला किती?"

गुण दुसऱ्या उत्तराला द्या. पालकांचंही भागेल.

---

आंबेमोहर

एक पालक म्हणून सांगते, अर्धा गुण आणि "उतारा नीट वाच" यापेक्षा मला हे चाललं असतं. निदान घरी बसून मी तिला काय विचारायचं ते तरी कळलं असतं. लेकीची ती सराव उत्तरपत्रिका काल परत काढली. प्रश्नात चक्क 'तुमच्या शब्दांत' लिहिलं होतं, 'तुमच्या मते' नव्हतं. तिने उताऱ्यातलं स्वतःच्या शब्दांत लिहिलं, मग गुण का कापले? आता मी शाळेत विचारणार आहे.

---

चष्मेबद्दूर

विचाराच. या दोन शब्दप्रयोगांत शिक्षकसुद्धा गल्लत करतात, तपासणाऱ्याला घाई असते.

शिष्यवृत्तीच्या वर्गात मी हेच पर्यायांतून पकडते. उताऱ्याखालच्या प्रश्नाला चार पर्याय असतात. मी सराव प्रश्न बनवताना एक पर्याय मुद्दाम असा घालते, जो आयुष्यात खरा आहे पण उताऱ्यात नाही. 'तुळशीला पाणी घालणे चांगले असते म्हणून' हा तसा पर्याय झाला. जी मुलं तिकडे जातात त्यांना मी म्हणते, "हे वाक्य खरं आहे का? हो. या आजीबद्दल आहे का?" दुसऱ्या प्रश्नाला ती गप्प होतात. 'खरं' आणि 'इथलं' हे दोन शब्द माझ्या वर्गात आता रुळलेत. वहीत समासात नुसतं "खरं, पण इथलं?" लिहिलं तरी पुरतं. ५६ वह्यांना एवढंच जमतं मला.

---

गावठाण

"खरं, पण इथलं?" झकास. पण एक खोडा घालतो. आजीने पत्र "उलटसुलट करून पाहिले" म्हणजे तिला वाचता येत नव्हतं. हे 'इथलं' आहे की नाही? माझ्या आजीला येत नव्हतं, ती असंच करायची. पत्र नुसतं हातात धरून बसायची आणि आम्ही शाळेतून आलो की वाचून घ्यायची.

---

परदेशी पाखरू

मी वाचलं तेव्हा वाटलं की शंभरदा वाचून झालंय, आता नुसतं चाळा म्हणून बघतेय. तारीख तपासत असेल, शिक्का बघत असेल.

---

गावठाण

बघा. मी माझ्या आजीवरून, तुम्ही तुमच्या स्वभावावरून. दोघांना अर्धा गुण 😄

---

खडूफळा

दोन्ही चालतील. 'उलटसुलट' हा एकच शब्द आहे आणि तो दोन्हीकडे झुकतो, त्यामुळे इथे उतारा तुम्हाला थांबवत नाही, पुढेही ढकलत नाही. अशा ठिकाणी मुलाने "कदाचित" लिहिलं तर मी पूर्ण गुण द्यायचो. "तिला वाचता येत नव्हते" असं छातीठोक लिहिलं तर विचारायचो, किती खात्री?

---

शेवंती

सगळ्यांना धन्यवाद. आठ दिवसांनी येतेय, कारण मधे घटक चाचणी होती.

खडूफळा सरांचा शेरा जवळपास तसाच लिहिला. खाली जागा सोडली. मंगळवारी पहिल्या पाच मिनिटांत वह्या दिल्या. त्याने आधी नेहमीप्रमाणे गुण शोधले, पान मागेपुढे केलं, गुण नाहीत म्हटल्यावर वाचायला लागला. मग बराच वेळ पेन्सिल चावत बसला. त्याने लिहिलेलं इथे देते, शुद्धलेखनासकट:

"माझी आजी सकाळी घालते आंगोळ झाल्यावर. ही आजी दुपारी. शब्द – दुपारच्या एसटीचा. पाणी सकाळीच भरले होते पण तेव्हा तिने तुळशीला नाही घातले. म्हणजे ते पाणी येणाऱ्या माणसासाठी ठेवले होते. तो आला नाही मग आता ते पाणी कोण पिणार. म्हणून तुळशीत ओतले, फेकायचे नसते म्हणून."

'सकाळीच' हा शब्द मी त्याला सुचवला नव्हता. तो त्याने स्वतः शोधला. आणि शेवटचं "फेकायचे नसते" हे त्याच्या घरचंच, पण आता ते कसं चपखल बसलंय. दोन्ही गुण दिले. एवढं सगळं बघून वर 'शाब्बास' लिहिणार होते, पण थांबले. त्याऐवजी लिहिलं, "'सकाळीच' हा शब्द तू हेरलास, त्यावरून सगळे उलगडले." नेमकं काय जमलं ते त्याला कळावं म्हणून.

ज्या बाकीच्यांनी तुळशीचं पुण्य लिहिलं होतं, त्यांच्या समासात चष्मेबद्दूर यांचं "खरं, पण इथलं?" लिहिलं. निम्म्यांनी नीट बदललं. तिघांनी परत वाक्यं उतरवली. दोघी विचारायला आल्या, "इथलं म्हणजे काय?" म्हणजे समासातली खूण वर्गात आधी एकदा फळ्यावर करून दाखवावी लागणार, नुसती वहीत टाकून भागत नाही.

---

चष्मेबद्दूर

हो, ते सांगायचं राहिलं माझं. मी आधी दोन तास तोंडी घेते. मग खूण.

---

बोरूबहाद्दर

जी तीन उतरवणारी आहेत त्यांना काय लिहिलंत? कारण माझ्याकडे तीच जास्त आहेत. रेघांचा परिणाम असावा, हे आता कबूल करतो.

---

शेवंती

अजून काही लिहिलं नाही. "यातला एकच शब्द ठेव आणि बाकीचे तुझ्या शब्दांत सांग" असं लिहावं का, विचार करतेय.

---

खडूफळा

एक शब्द कमी पडेल, दोन ठेवायला सांगा. आणि वाक्य 'म्हणजे' पासून सुरू करून द्या. उतरवलेल्या ओळीपुढे तुम्हीच "म्हणजे…" लिहून सोडा. 'म्हणजे' नंतर उताऱ्यातलं वाक्य उतरवता येत नाही, मुलाला काहीतरी स्वतःचं लिहावंच लागतं. तुमच्या त्या पोराच्या उत्तरातही बघा, गाडी 'म्हणजे'पाशीच वळली आहे.

---

शेवंती

आता पुढचं त्रांगडं. त्याच उताऱ्यावर मी तोंडी विचारलं होतं, पत्र कोणाचं असावं. या मुलाने वहीत आपणहून लिहिलंय: "पत्र तिच्या मुलाचे असणार." मी समासात लिहिलं, "'मुलगा' कोणत्या शब्दावरून?" त्याने खाली उत्तर दिलंय: "शब्द नाही. पण एवढी वाट दुसऱ्या कोणाची बघणार?"

त्याचे वडील मुंबईला असतात, सणाला येतात. आता यावर मी काय लिहू?

---

गावठाण

काही लिहू नका. गुण द्या.

---

खडूफळा

गुण नाही देता येणार. बहीण असू शकते, नातू असू शकतो, उतारा तिथवर नेत नाही. पण त्याचा 'एवढी' हा शब्द उताऱ्यातलाच आहे एका अर्थी. तीनदा फाटक, उतू गेलेलं दूध. माणूस जवळचं आहे इथवर तो उताऱ्याला धरून आहे, 'मुलगा' इथे तो सुटलाय. त्या दोहोंमध्ये रेघ कुठे मारायची ते त्यालाच विचारा.

---

परदेशी पाखरू

सर, बाकी सगळं पटलं, पण हे वहीत विचारू नये असं मला वाटतं. त्याला जवळ बसवून बोला. काही शेरे लिहायचे नसतात.

---

खडूफळा

लिहायचा नाही, हे मान्य. विचारायचाच नाही, हे अमान्य.

---

शेवंती

उद्या तास चौथा आहे. त्याआधी मधल्या सुट्टीत बघते, तो डबा खायला पायरीवर बसतो तिथे.